चुकलेला पाठ फाईलमध्ये

हायस्कूलची नोकरी सोडून मी हिंगोलीतल्या एका बी.एड. कॉलेजात शिकवायला आले आणि पहिल्याच वर्षाच्या शेवटी माझ्या वाट्याला फाईली तपासायचं काम आलं. दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी काही महिने शाळांमध्ये जाऊन प्रत्यक्ष शिकवतात. तिथं घेतलेल्या पाठांची टाचणं, तयार केलेलं साहित्य, मार्गदर्शक शिक्षकांचे शेरे आणि रोजच्या अनुभवावर लिहिलेली चिंतन नोंदवही, असं जे बाड जमा होतं त्याला अभ्यासक्रमात पोर्टफोलिओ म्हणतात. कॉलेजात सगळे त्याला फाईलच म्हणायचे.

फाईली दिसायला फार सुंदर होत्या. मखमली कव्हर, सोनेरी लेस, प्रत्येक पानाला स्केचपेनची बॉर्डर. मी पहिली नोंदवही उघडली. 'आजचा पाठ खूप छान झाला. विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला. माझा आत्मविश्वास वाढला.' दुसरी उघडली, तर त्यातही तेच. तिसरीत 'उत्स्फूर्त' हा शब्द ज्या पद्धतीनं चुकला होता, तसाच चौथीतही चुकला होता. एका मुलीनं तर ग्रामपंचायतीच्या मतदानाच्या दिवशीही कवितेचा पाठ घेतला होता आणि मुलं म्हणे तल्लीन झाली होती. त्या दिवशी त्या शाळेत मतदान केंद्र होतं. सगळी शाळा पोलिसांच्या ताब्यात.

समोरच्या टेबलावर आमचे ज्येष्ठ सर बसलेले होते. गणिताची अध्यापन पद्धती तेच शिकवायचे आणि अंतर्गत गुणांचं सगळं काम त्यांच्याकडे होतं. मी त्यांना ते पान वाचून दाखवलं. ते मनापासून हसले.

"मॅडम, नव्या आहात. फाईल म्हणजे फाईल. वजन बघा, गुण टाका."

"सर, यातून कोण काय शिकलं ते कसं कळायचं?"

"ते कळायला पाठ बघायचे असतात. फाईल रेकॉर्डसाठी असते."

मला ते पटलं नाही. मी हायस्कूलवर बरीच वर्षं विज्ञान शिकवलं होतं. त्याआधी आखाडा बाळापूरला आमच्या विहारातल्या अभ्यासिकेत लहान मुलांचे वर्ग घेत घेत स्वतःच शिकले होते. शिकवणं कसं सुधारतं हे मला ठाऊक होतं. मूल भलतंच उत्तर देतं, आपण चमकतो, घरी जाऊन विचार करतो आणि दुसऱ्या दिवशी वेगळं काही करून बघतो. कागदावर यायला हवं ते हे. बाकी लेस बाजारात मिळते.

पुढच्या वर्षी मी प्राचार्यांकडे एक मागणी केली. विज्ञानाची अध्यापन पद्धती घेतलेल्या मुलांचे पोर्टफोलिओ मला माझ्या रीतीनं करून घेऊ द्या. प्राचार्य म्हणाले, करा, पण गुण विद्यापीठाच्या चौकटीतच बसले पाहिजेत आणि एकट्यानं द्यायचे नाहीत. मलाही तेच हवं होतं. दुसरे परीक्षक म्हणून मी ज्येष्ठ सरांचंच नाव सुचवलं. ते जरा चकित झाले, पण नाही म्हणाले नाहीत.

वर्गात मी नियम सांगितले. रोजची नोंदवही तुमची. ती फक्त मी वाचेन, समासात प्रश्न विचारेन, पण तिला गुण देणार नाही. गुण पोर्टफोलिओला. त्यात सगळं कोंबायचं नाही. तुमच्या शिकवण्यात जिथं खरोखर काही बदललं, त्या जागा तुम्हीच निवडायच्या आणि तेवढंच ठेवायचं. टाचण असेल, मुलांनी लिहिलेलं काही असेल, नोंदवहीतलं एखादं पान असेल. प्रत्येकाला एक चिठ्ठी जोडायची. हे का ठेवलं, यातून माझं कोणतं शिकणं दिसतं, आणि ते कशावरून. गुण कोणत्या निकषांवर मिळणार आणि कमी-मध्यम-चांगलं म्हणजे नेमकं काय, तो तक्ताही मी पहिल्याच दिवशी हातात दिला. फक्त एक अपवाद सांगितला. एखाद्या लेकराला इजा होईल असं काही नोंदवहीत दिसलं, तर ते मी माझ्यापाशी ठेवणार नाही.

मग मागून एक आवाज आला, "मॅडम, बॉर्डर बी न्हाई काढायची?"

"काढा. गुण नाहीत त्याला."

तो आवाज जिचा होता, तिचीच ही गोष्ट.

ती सेनगाव तालुक्यातली, गोरेगावच्या बाजूची. घरची शेती. बी.एस्सी. झालेली. लग्न होऊन जवळा बाजारला आलेली, पदरात लहान मुलगी. सासूनं नातीला सांभाळायचं कबूल केलं म्हणून बी.एड.ला प्रवेश घेता आला, असं तिनंच मला सांगितलं होतं. वर्गात ती फार बोलायची नाही, पण बोलली की सरळ बोलायची. शाळेसाठी तिला जवळा बाजारच्या जवळचीच जिल्हा परिषदेची शाळा मिळाली. सातवीला विज्ञान.

तिच्या पहिल्या आठवड्यातल्या नोंदी इतरांसारख्याच होत्या. 'आजचा पाठ चांगला झाला. सर्व विद्यार्थ्यांना संकल्पना समजली.' मी समासात पेन्सिलीनं एकच शब्द लिहिला : कशावरून? पुढच्या पानावर पुन्हा तेच वाक्य होतं, मी पुन्हा तोच शब्द लिहिला. असं पाच-सहा पानं चाललं.

एका शनिवारी कॉलेजात सगळ्यांना बोलावलं होतं, तेव्हा ती नोंदवही घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"मॅडम, तुमी हे कशावरून-कशावरून काहून लिहून राहिल्या? समजलं म्हणजे समजलं. मी इचारलं, समजलं का? सगळे व्हय म्हनले."

"सगळे हो म्हणाले म्हणून समजलं का?"

"आमी बी कॉलेजात व्हयच म्हनतो," ती म्हणाली आणि हसली. मग गंभीर झाली. "अजून एक इचारायचं व्हतं. हे चिंतन बिंतन मला पुस्तकासारखं लिहायला जमत न्हाई. लिहायला बसलं की दुसऱ्याचीच वाक्यं येतात."

"मग बोलता तसं लिहा."

"चालंल?"

"नोंदवहीत चालेल. पाठाच्या टाचणात प्रमाण भाषा ठेवा. नोंदवही तुमच्यासाठी आहे."

तिथून तिची नोंदवही बदलली. वाक्यं तुटक झाली, खाडाखोड वाढली, आणि मला पहिल्यांदा त्या पानांमध्ये माणसं दिसायला लागली. कोण खिडकीबाहेर बघत होतं, कोण फळ्यावरचं उतरवून घेत होतं पण काही विचारलं की खाली बघत होतं. तास संपताना ती प्रत्येक मुलाला कागदाचा लहानसा तुकडा द्यायची आणि एकाच प्रश्नाचं उत्तर लिहून घ्यायची. ही युक्ती मी वर्गात सांगितली होती, पण ती मनावर घेणारी ती पहिली.

मग तो पाठ आला. वनस्पतींचं पोषण. तिनं टाचणात लिहिलं होतं आणि फळ्यावरही लिहिलं : 'वनस्पती दिवसा अन्न तयार करतात व ऑक्सिजन सोडतात. रात्री श्वसन करतात व कार्बन डायऑक्साइड सोडतात.' तास रंगात आला होता. तेवढ्यात एका मुलीनं विचारलं, "बाई, मग दिवसभर झाड श्वास न घेता कसं राहतं?" वर्ग हसला. हिनं उत्तर दिलं, "दिवसा त्याला गरज न्हाई पडत, बाळा. दिवसा ते अन्न बनवायच्या कामात असतं." शेवटी चिठ्ठ्या घेतल्या. झाड श्वसन केव्हा करतं? जवळजवळ सगळ्यांनी लिहिलं, रात्री. तिच्या दृष्टीनं पाठ यशस्वी झाला होता.

घरी जाऊन तिनं नोंदवही लिहायला घेतली आणि 'सगळ्यांना समजलं, कशावरून, तर चिठ्ठ्यांवरून' असं लिहिता लिहिता त्या मुलीच्या प्रश्नापाशी अडली. दिवसभर श्वास न घेता कसं राहतं? तिनं बी.एस्सी.चं पुस्तक काढलं. सोमवारी ती शाळेत जायच्या आधी मला भेटायला हिंगोलीला आली. पहिल्या एसटीनं आली असणार. मी कॉलेजात पोचले तेव्हा ती व्हरांड्यातल्या बाकावर बसलेली होती.

"मॅडम, मी लेकरायला चुकीचं शिकवून बसले."

तिनं सगळं सांगितलं. वनस्पती दिवसरात्र श्वसन करतात. दिवसा उजेडात अन्न तयार होताना ऑक्सिजन जास्त बाहेर पडतो, त्यामुळे श्वसन वरून दिसत नाही, एवढंच. हे तिनं स्वतः परीक्षेत लिहिलेलं होतं. पण शिकवायला उभी राहिली तेव्हा लहानपणी शाळेत ऐकलेलं वाक्यच तोंडात आलं.

"आणि चिठ्ठ्या सगळ्या बराबर आल्या, मॅडम. मी जे चुकीचं सांगितलं तेच सगळ्यायनी बराबर लिहिलं." हे म्हणताना तिचे डोळे भरले होते.

मला मात्र त्या क्षणी फार बरं वाटलं, आणि ते मी लपवलं नाही. "या पाठाच्या जोरावर तुम्ही शिक्षिका होणार आहात," मी म्हणाले. "आता पुढं काय करणार ते सांगा."

"आज जाऊन सांगते, की माझं चुकलं. बरोबर काय ते फळ्यावर लिहिते."

"आणि त्यांनी तुमचं आजचं वाक्य खरं कशावरून मानायचं?"

मग मोड आलेल्या मटकीचं तिनंच काढलं. बरणीत मोडाची मटकी, तिच्यातच एका वाटीत चुन्याची निवळी, झाकण घट्ट. मटकी श्वसन करेल, कार्बन डायऑक्साइड सोडेल आणि निवळी दुधाळ होईल. चुना पानटपरीवर मिळतो. मटकी घरी भिजवलेलीच असते.

दोन दिवसांनी मी पाठ बघायला गेले. वर्गाच्या मागच्या बाजूला तिच्या मार्गदर्शक बाई आणि मी बसलो होतो. या बाई त्या शाळेतल्या अनुभवी शिक्षिका, आणि विद्यार्थिनीनं चूक कबूल करण्याआधी त्यांची परवानगी घेतली होती. तिनं मुलांना सांगितलं, "मागच्या पाठात मी तुमाला एक गोष्ट चुकीची सांगितली. हिनं प्रश्न इचारला म्हणून मला कळलं." प्रश्न विचारणारी मुलगी लाजून बाकाखाली वाकली. मग विद्यार्थिनीनं आदल्या दिवशी वर्गात मुलांसमोरच लावलेली बरणी टेबलावर ठेवली. निवळी पांढरी झाली होती. मुलं पुढं सरकली.

"बघा, मटकीनं श्वसन केलं."

तीच मुलगी पुन्हा उठली. "पण बाई, ही रातभर बंद व्हती ना? रातच्याला केलं असंल की तिनं."

मार्गदर्शक बाईंनी माझ्याकडे बघितलं. विद्यार्थिनीच्या चेहऱ्यावरचा रंग क्षणभर उतरला. मग ती म्हणाली, "बराबर आहे तुझं. हे रातभर व्हतं. यातून दिवसाचं काही ठरत न्हाई." आणि तिनं वर्गालाच विचारलं, मग काय करू या?

उत्तर मुलांकडूनच आलं. सकाळी प्रार्थना झाली की बरणी लावायची आणि शाळा सुटायच्या आधी बघायची. दुसऱ्या एका मुलानं नुसती निवळी ठेवलेली रिकामी बरणीही मागितली, कारण हवेनंच पांढरं झालं तर? शेवटी तीन बरण्या ठरल्या. एकीत मोडाची मटकी, एकीत उकडलेली मटकी, एकीत काहीच नाही. सगळ्या खिडकीत, लख्ख उन्हात. दुसऱ्या दिवशी ते झालं. मी नव्हते, पण मार्गदर्शक बाईंनी फोन करून सांगितलं की शाळा सुटेपर्यंत फक्त मोडाच्या मटकीच्या बरणीतली निवळी दुधाळ झाली होती आणि पोरं ती बरणी घेऊन मुख्याध्यापकांच्या खोलीत गेली होती. मटकीला हिरवी पानं नसतात, हिरव्या झाडाचं काय, असंही एकानं विचारलं म्हणे. त्यावर दिवसा पानात दोन्ही कामं एकाच वेळी कशी चालतात, हे तिनं चित्र काढून समजावलं.

यानंतरच्या चिठ्ठ्यांमध्ये बहुतेकांनी 'दिवसा आणि रात्री' असं लिहिलं. काहींनी मात्र अजूनही 'रात्री'च लिहिलं होतं. नोंदवहीत तिनं लिहिलं : 'एवढं करून बी काहीजणांचं तेच. मी पयल्यांदा जे सांगितलं ते घट्ट बसलंय. पयल्यांदा सांगताना किती जपायला पायजे.'

पोर्टफोलिओ जमा करायची वेळ आली तेव्हा तिनं हे सगळं निवडलं. चुकलेलं टाचण, मुलीचा प्रश्न लिहिलेलं नोंदवहीचं पान, आधीच्या चिठ्ठ्या, फसलेल्या पहिल्या बरणीची नोंद, तीन बरण्यांचं टाचण, नंतरच्या चिठ्ठ्या आणि बाईंचा शेरा. मुलांची नावं तिनं पांढरी पट्टी लावून झाकली होती. हे तिनं मी न सांगता केलं होतं.

बातमी फुटायला वेळ लागला नाही. वर्गातल्या मैत्रिणी तिला म्हणाल्या, ते पान काढून टाक, स्वतःच्या हातानं स्वतःचे गुण कशाला घालवतेस? मग ज्येष्ठ सर माझ्याकडे आले.

"मॅडम, विद्यापीठाची पडताळणी समिती यंदा आपल्याकडे येणार आहे. विज्ञानाची पदवीधर पोरगी विज्ञान चुकीचं शिकवते, हे आपण कागदावर का द्यायचं? तिलाच तकलीफ होईल. दुरुस्त केलेला पाठ ठेवा, पहिला काढा."

"पहिला काढला तर दुसरा फक्त एक बरा पाठ राहतो, सर. ती कुठून कुठं आली ते दिसत नाही."

"समितीला ते दिसंल असं वाटतं तुम्हाला?"

"दाखवायचं काम आपलं आहे."

तरी निर्णय तिचा होता. मी तिला बोलावून सरांचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं. ठेवलंत तर आमच्या निकषांत त्याबद्दल गुण कापले जाणार नाहीत, पण बाहेरून येणाऱ्या माणसाची हमी मी देऊ शकत नाही, हेही सांगितलं. ती म्हणाली, घरी विचार करते. दुसऱ्या दिवशी फाईल तशीच आली. पहिल्या टाचणावर जोडलेल्या चिठ्ठीत तिनं एक ओळ वाढवली होती. 'हा पाठ काढला तर पुढचे पाठ मी काहून घेतले ते सांगता येत न्हाई.'

सरांनी आणि मी गुण वेगवेगळे दिले, एकमेकांचे न बघता. मग समोरासमोर बसलो. बहुतेक फाईलींवर आमचं फारसं वेगळं मत नव्हतं. हिच्या फाईलीवर मात्र मोठं अंतर पडलं. सरांनी विषयज्ञानाला अगदी कमी गुण दिले होते.

"चूक आहे, मॅडम. मी डोळे झाकू शकत नाही."

"चूक आहेच. पण शेवटच्या टाचणात काय आहे?"

ते त्यांनी वाचलेलं नव्हतं, असं नाही. त्यांनी पुन्हा वाचलं. मी तक्त्यातली ओळ दाखवली. विषयज्ञान कालावधीच्या शेवटी कुठं पोचलं ते बघायचं, सुरुवातीला कुठं होतं ते नव्हे, असं आम्ही दोघांनीच वर्षाच्या सुरुवातीला लिहिलं होतं. सरांनी चष्मा काढून पुसला.

"हे मान्य," ते म्हणाले. "पण मग पूर्वतयारीला तुम्ही एवढे दिलेत ते जास्त आहेत. पहिल्या पाठाआधी पुस्तक उघडलं असतं तर ही वेळ आली नसती. आणि ती पहिली बरणी, रातभर ठेवली, ते नियोजन कच्चंच होतं."

त्यांचं बरोबर होतं. मी पूर्वतयारीचे गुण कमी केले, त्यांनी विषयज्ञानाचे वाढवले. शेवटी तिला चांगले गुण मिळाले, पण वर्गात सगळ्यात जास्त नाही. मला ते योग्य वाटलं, आजही वाटतं.

समिती आली त्या दिवशी विद्यार्थ्यांनाही थांबवून ठेवलं होतं. समितीचे अध्यक्ष निवृत्तीला आलेले, मोजकं बोलणारे प्राध्यापक होते. त्यांनी गठ्ठ्यातून चारपाच फाईली काढल्या आणि त्यात हिची निघाली. खाडाखोडीची, बॉर्डर नसलेली फाईल बघूनच त्यांच्या कपाळावर आठी पडली. पानं उलटत ते चुकलेल्या टाचणावर थांबले. मग गुणांचा कागद बघितला.

"हे काय आहे? चुकीचा पाठ जोडलाय आणि वर चांगले गुण?"

मी बोलणार, तेवढ्यात ज्येष्ठ सर पुढं झाले. "सर, हे गुण आम्ही दोघांनी स्वतंत्र दिलेत. दोन्ही कागद आहेत. पहिले काय दिले, नंतर का बदलले, तेही लिहिलंय." त्यांनी दोन्ही कागद टेबलावर ठेवले. मी त्यांच्याकडे बघत राहिले. हे माझ्या अपेक्षेत नव्हतं.

अध्यक्षांनी कागद वाचले आणि म्हणाले, "मुलीला बोलवा."

ती आली. पदर सारखा करत उभी राहिली.

"हे तुम्ही चुकीचं शिकवलं होतं?"

"हो, सर."

"मग फाईलमध्ये कशाला ठेवलं?"

"मला कळलं कसं ते याच्यातच आहे, सर. लेकरायच्या चिठ्ठ्या सगळ्या एकसारख्या आल्या, आणि त्या माझ्याच चुकीच्या होत्या. ते न्हाई ठेवलं तर पुढच्या बरण्यायचा अर्थ लागत न्हाई."

अध्यक्षांनी फाईल बाजूला ठेवली. "बटाटा श्वसन करतो का?"

"करतो, सर. पोत्यात दाबून ठेवला की गरम लागतो हाताला. आमच्या घरी पोतं उघडं ठेवतात त्यासाठी."

"आणि भर दुपारी लिंबाचं झाड?"

"ते बी करतं, सर. पण उजेडात त्याच्याहून जास्त अन्न बनवतं, म्हणून बाहेर ऑक्सिजन येतो. श्वसन बंद न्हाई होत."

"ज्या मुलांनी शेवटीही रात्रीच लिहिलं, त्यांचं काय केलंत?"

हा प्रश्न मीसुद्धा तिला विचारलेला नव्हता. ती म्हणाली, "त्यायला मधल्या सुट्टीत बसवून त्यायच्याकडूनच बरणी लावून घेतली, सर. तरी बी एकाचं न्हाई बदललं. ते मी लिहिलंय. शेवटच्या पानावर आहे."

त्यांनी शेवटचं पान उघडून वाचलं. मग तिला जायला सांगितलं. आमच्याकडे वळून ते म्हणाले की एवढी खाडाखोड त्यांना पसंत नाही, टापटीप ही शिक्षकाचीच गोष्ट आहे, आणि निकषांचा तक्ता प्रत्येक फाईलीला जोडलेला असायला हवा होता. गुणांना त्यांनी हात लावला नाही. तक्त्याची सूचना मी लगेच लिहून घेतली, ती खरंच आमच्याकडून राहिली होती. टापटिपीबद्दल मी वाद घातला नाही.

ती आता सेनगाव तालुक्यातल्या एका खाजगी शाळेत विज्ञान शिकवते. मधून मधून फोन करते, बहुतेक वेळा मुलांच्या एखाद्या प्रश्नासाठी. ज्येष्ठ सरांनी पुढच्याच वर्षी गणिताच्या मुलांनाही तास संपताना चिठ्ठ्या घ्यायला लावल्या. मला ते त्यांनी सांगितलं नाही, मुलांकडून कळलं.

एक गोष्ट मात्र मी धरून चालले नव्हते. हिची फाईल गाजली, आणि पुढच्या तुकडीच्या नोंदवह्यांमध्ये चुकांचा सुकाळ झाला. 'आज माझी मोठी चूक झाली. मला खूप वाईट वाटले. त्यातून मी खूप काही शिकलो.' एकापाठोपाठ एक, तोच सूर. मी वाचून वैतागले नाही. खोटं यश ओळखायला जे लागतं, तेच खोटी चूक ओळखायलाही लागतं. विज्ञानाबरोबर गणितही घेतलेल्या एका मुलाला मी बोलावलं. तो आत्मविश्वासानं बसला.

"कोणती चूक झाली?"

"अपूर्णांक उलटा सांगितला, मॅडम."

"कोणाच्या लक्षात आलं?"

"माझ्याच."

"मुलांनी काय लिहिलं होतं? चिठ्ठ्या दाखवा."

तो खाली बघायला लागला आणि मग हसला. "मॅडम, आता चूक बी पुराव्यानिशी करावी लागते का?"

"करावी लागत नाही. ती होतेच. बघायला शिकायचं असतं. उद्याच्या तासाला चिठ्ठ्या घ्या आणि काही न लिहिता माझ्याकडे आणा."

चार-पाच दिवस तो फिरकला नाही. मग एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत दारात उभा राहिला. हातात रबर लावलेला चिठ्ठ्यांचा गठ्ठा होता. हसत नव्हता.

"मॅडम, तुमच्याकडं थोडा वेळ हाय का? ह्यायनी काय लिहिलंय ते मला समजून न्हाई राहिलं."

मी डबा बाजूला सरकवला आणि त्याला खुर्ची ओढून बसायला सांगितलं. आम्ही चिठ्ठ्या टेबलावर पसरल्या आणि वाचायला लागलो.